फसवणुकीचा त्रिकोण: उधारीच्या वसुलीत अफरातफरीची संधी कशी शोधावी आणि कशी बंद करावी

फसवणुकीचा त्रिकोण माहीत असलेले बरेच छोटे व्यावसायिक तो उलट्या बाजूने वापरतात. विश्वासातला माणूस पैसे का लाटतो, हे दबाव, संधी आणि मनाची समजूत या तीन बाजूंनी सांगणारी ही मांडणी. हे तीन शब्द कळले की ते आधी माणसांकडे पाहू लागतात. कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण पगारावर नाराज आहे, अशी मनातल्या मनात यादी तयार होते. या यादीतली माणसं बहुधा प्रामाणिक निघतात. ज्याच्यावर कधी शंकाही आली नाही, त्याच्याच हातून पैसे गेलेले असतात. आणि हे अपघाताने घडत नाही. शंका न येण्याइतका विश्वास असतो, म्हणूनच रोकड, पावत्या आणि हिशेब एकाच्या हाती सोपवले जातात.

तीन बाजूंपैकी मालकाच्या पूर्ण ताब्यात फक्त संधी असते, म्हणून या लेखातला क्रम संधी, दबाव, समजूत असा आहे. उदाहरणासाठी उधारीची वसुली घेतली आहे. बिल आधी, पैसे नंतर अशा पद्धतीने चालणाऱ्या प्रत्येक व्यवसायात ती असते, आणि बँकेशी हिशेब जुळत असतानाही तिच्यातून पैसे जाऊ शकतात.

## तीन बाजूंचा नेमका अर्थ

अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी विश्वासाने सोपवलेले पैसे लाटल्याबद्दल तुरुंगात असलेल्या लोकांशी बोलून १९५३ मध्ये जी मांडणी केली, तिच्यातून हा त्रिकोण पुढे आला. तिचे तीन बारकावे नीट समजले नाहीत, तर पुढची सगळी कामं चुकतात.

दबाव म्हणजे नुसती पैशांची गरज नव्हे. क्रेसी यांचा भर कोणालाही सांगता येत नाही अशा अडचणीवर होता. आजारपणासाठी उघडपणे उसने मागणाऱ्याला गरज आहे, पण त्याची अडचण चार लोकांना माहीत आहे. सट्ट्यात हरलेले पैसे, घरच्यांपासून लपवलेलं कर्ज, कामात झालेली आणि झाकून ठेवलेली चूक, ही दुसऱ्या प्रकारची अडचण. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून दबाव हेरून चोर पकडण्याचा बेत फसतो.

संधी म्हणजे कुलूप नसलेली पेटी एवढंच नाही. पैसे घेता येणं आणि घेतल्याचं लपवता येणं, हे दोन्ही जमलं तरच संधी पूर्ण होते. गल्ल्यातून नोट उचलणं कोणालाही जमेल, पण संध्याकाळी रोकड मोजली की ते उघड होतं. तीच व्यक्ती मोजणारी आणि लिहिणारीही असेल, तर उघड होण्याचं काही कारणच उरत नाही.

मनाची समजूत कृत्याच्या आधी तयार होते. पकडल्यावर दिलेली सबब वेगळी. पैसे उचलण्यापूर्वीच माणूस स्वतःला पटवतो की मी चोर नाही: पगार झाला की परत ठेवीन, इतकी वर्षं राबलो त्याचा मोबदला कुठे मिळाला, मालक स्वतः तरी कुठे नोंद ठेवतो. यातलं शेवटचं वाक्य मालकाने विशेष लक्षात ठेवावं. त्याकडे टप्पा ५ मध्ये येऊ.

## तयारी: आधी कागद, मग माणसं

कोणाला काहीही विचारण्याआधी मागच्या तीन महिन्यांचे पुढील कागद गोळा करा.

- बँकेचा खातेउतारा. तो तुम्ही स्वतः बँकेतून किंवा स्वतःच्या लॉगिनने घ्या. हिशेबनिसाने छापून दिलेला चालणार नाही.
- ग्राहकांना दिलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती, क्रमाने लावलेल्या. मध्ये न वापरलेली पावती पुस्तकं असतील तर तीही.
- ग्राहकवार खातेवही. प्रत्येक जमा कोणत्या तारखेला आणि कोणत्या बिलापोटी दाखवली, हे तिच्यात दिसलं पाहिजे.
- थकबाकीची वयवार यादी, म्हणजे कोणती बाकी ३० दिवसांची, कोणती ६० ची, कोणती त्याहून जुनी.
- दिलेल्या सूट, क्रेडिट नोटा आणि बुडीत म्हणून सोडलेल्या रकमांची यादी.

सावधान: हे काम गाजावाजा करून सुरू करू नका. नेहमीचा तिमाही आढावा म्हणून करा, आणि पुढे खरंच दर तिमाहीला करत राहा. एकाच व्यक्तीचे कागद मागवले तर प्रामाणिक माणूस दुखावतो आणि अप्रामाणिक सावध होतो.

तपासा: पावती पुस्तकांचे क्रमांक सलग आहेत का? गहाळ किंवा रद्द पावतीची मूळ प्रत पुस्तकाला लावलेली नसेल, तर तो क्रमांक बाजूला लिहून ठेवा. पुढे लागेल.

## टप्पा १: पैशाचा एकच रस्ता कागदावर उतरवा

सगळा व्यवसाय एकदम तपासायला घेऊ नका. पहिल्या खेपेला इथेच बहुतेकांचा दम संपतो. एका कागदावर फक्त ग्राहकाच्या पैशाचा रस्ता लिहा: बिल कोण करतं, पैसे कोण स्वीकारतं, पावती कोण फाडतं, खातेवहीत जमा कोण दाखवतं, बँकेत भरणा कोण करतं, बँकेशी जुळवणी कोण करतं, सूट किंवा क्रेडिट नोट कोण मंजूर करतं, आणि बाकीसाठी ग्राहकाला फोन कोण करतं.

प्रत्येक कामापुढे जो प्रत्यक्षात ते करतो, त्याचं नाव लिहा. नेमणुकीच्या कागदावर कोणाचं नाव आहे याला इथे महत्त्व नाही. भरणा एकाकडे असला तरी तो रजेवर असताना कोण जातो? संगणकाचा पासवर्ड नावाला एकाचा असला तरी वापरतात किती जण? हे प्रश्न विचारले की कागद भराभर बदलतो.

मग चार रंग घ्या आणि कामांचे गट पाडा: मंजुरी देणं, पैसा हाताळणं, नोंद करणं आणि पडताळणी करणं. एकच नाव दोन रंगांत आलं की तिथे खूण करा. छोट्या व्यवसायात अशा खुणा असणारच, त्यांनी घाबरून जाऊ नका. पैसा हाताळणं आणि नोंद करणं या दोन रंगांत जर एकच नाव असेल, तर ती खूण सगळ्यात आधी बंद करायची. हेच नाव ग्राहकाला फोन करणाऱ्याचंही असेल, तर संधी पूर्ण झाली असं समजा, कारण लपवलेली गोष्ट बाहेर येण्याचा शेवटचा मार्गही त्याच्याच हातात आहे.

## टप्पा २: या खुणेतून पैसा कसा जातो, ते आकड्यांत पाहा

हा टप्पा वगळणारे पुढे चुकीच्या जागी कुलूप लावतात, म्हणून इथे थोडा वेळ द्या. आकडे सोयीसाठी घेतले आहेत.

एका व्यवसायात एकच हिशेबनीस पैसे घेतो, पावती देतो, खातेवही लिहितो आणि बँक जुळवतो. अनेक वर्षांचा, कामात चोख, सगळ्यांच्या विश्वासातला. त्याने घरच्यांना न सांगता कर्ज काढलं आहे आणि हप्ता थकला आहे. हा दबाव, आणि तो कोणालाच दिसत नाही.

१ तारखेला ग्राहक ‘अ’ २०,००० रोख देतो. हिशेबनीस त्याला पावती देतो, पण रक्कम खिशात घालतो. बँकेत भरणा नाही आणि खातेवहीत जमाही नाही. त्याच्या मनात चोरीचा विचार नसतो. पगार झाला की ठेवून देऊ, हे त्याने स्वतःला सांगितलेलं असतं.

पगार होतो आणि कर्जात जातो. इकडे ‘अ’ची बाकी जुनी होत चालली आहे. लवकरच मालक विचारील की अ पैसे का देत नाही. १२ तारखेला ‘ब’कडून बँकेत थेट २५,००० येतात. हिशेबनीस खातेवहीत त्यातले २०,००० ‘अ’च्या नावे जमा दाखवतो आणि ५,००० ‘ब’च्या नावे. ‘अ’चं खातं साफ झालं. आता २०,००० चं भोक ‘ब’च्या खात्यात आहे.

२० तारखेला ‘क’ ३२,००० रोख देतो. आता ‘ब’चं भोक बुजवायला २०,००० हवेत. उरलेल्या १२,००० पैकी हिशेबनीस आणखी ८,००० उचलतो, कारण एकदा निभावलेलं असतं. बँकेत २४,००० भरतो, त्यातले २०,००० ‘ब’च्या नावे आणि ४,००० ‘क’च्या नावे दाखवतो.

महिन्याच्या शेवटी बेरीज करू. ग्राहकांनी दिले २०,०००, २५,००० आणि ३२,०००, म्हणजे ७७,०००. बँकेत आले २५,००० आणि २४,०००, म्हणजे ४९,०००. खातेवहीतली जमा: ‘अ’ २०,०००, ‘ब’ ५,००० आणि २०,०००, ‘क’ ४,०००. हीसुद्धा ४९,०००. बँक आणि वही तंतोतंत जुळली, आणि २८,००० गायब आहेत.

बँक जुळली म्हणजे हिशेब बरोबर, या समजुतीला इथेच तडा जातो. जुळवणी एवढंच सांगते की वहीत जितके लिहिले तितके बँकेत आले. ग्राहकाने दिलेले सगळे वहीत लिहिले गेले की नाही, हे ती सांगू शकत नाही.

हे भोक आपोआप कधीच बुजत नाही. एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे ते पुढे ढकलत राहावं लागतं, आणि त्यासाठी माणसाला रोज हजर राहावं लागतं. शेवटी एखाद्या खात्यावर २८,००० ची सूट किंवा बुडीत रक्कम दाखवली, की भोक कायमचं पुरलं जातं. तयारीत क्रेडिट नोटांची यादी मागितली, ती यासाठी.

तपासा: वरचं उदाहरण कागदावर स्वतः मांडून पाहा. तिन्ही बेरजा तुमच्या हाताने जुळल्या, तरच पुढे जा.

## टप्पा ३: चार चाचण्या, याच क्रमाने

पहिल्या दोन चाचण्या कोणालाही न कळवता होतात आणि तिसरीत ग्राहकाशी संपर्क येतो, म्हणून क्रम मोडू नका.

### १. स्थळप्रत आणि खातेवही

प्रत्येक पावतीची स्थळप्रत घ्या आणि तेच नाव, तीच रक्कम, तीच तारीख खातेवहीत आहे का ते पाहा. आपल्या उदाहरणात १ तारखेची ‘अ’ची पावती २०,००० ची आहे, पण वहीत जमा १२ तारखेला. ‘क’ची पावती ३२,००० ची, जमा ४,०००. एक-दोन दिवसांचा उशीर सगळीकडे असतो. ठरावीक ग्राहकांच्या बाबतीत आठ-दहा दिवसांचा उशीर पुन्हा पुन्हा दिसला, किंवा एक पावती दोन-तीन खात्यांत तुटलेली दिसली, तर थांबून खोलात जा.

पावतीच दिली नसेल, किंवा दुसऱ्या पुस्तकातली दिली असेल, तर ही चाचणी आंधळी ठरते. म्हणून आधी क्रमांक तपासायला सांगितलं.

### २. बँकेच्या उताऱ्यातली प्रत्येक ओळ

बेरीज जुळवू नका, ओळ जुळवा. बँकेत १२ तारखेला ‘ब’च्या नावाने २५,००० आले आहेत. वहीत त्याच दिवशी ‘ब’च्या नावे फक्त ५,००० आहेत. एवढी एक ओळ सगळं सांगून जाते. बेरीज पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

रोख भरण्याच्या बाबतीत त्या दिवशीच्या रोख पावत्यांची बेरीज भरणा चिठ्ठीशी लावून पाहा. २० तारखेला पावत्या ३२,००० च्या आणि भरणा २४,००० चा, हा फरक रोजच्या खर्चासाठी काढले असं सांगून मिटवला जातो. म्हणून वसुलीतून खर्च करायची पद्धतच बंद करा. आलेले पैसे पूर्ण बँकेत जावेत आणि खर्चासाठी वेगळे काढावेत.

### ३. ग्राहकाला थेट खातेउतारा

निवडक ग्राहकांना त्यांच्या खात्याचा उतारा तुम्ही स्वतः पाठवा, आणि उत्तर तुमच्याकडेच येईल असं पाहा. मोठी बाकी असलेले काही, जुनी बाकी असलेले काही आणि बाकी शून्य दाखवलेले काही, असे मिसळून घ्या. शून्य बाकीच्या ग्राहकांना सगळे विसरतात. बुडीत दाखवून पुरलेली रक्कम मात्र त्यांच्याच खात्यात असते, आणि ग्राहक म्हणतो की आम्ही तर कधीच पैसे दिले.

सावधान: हे उतारे हिशेबनिसाकडून पाठवून घेऊ नका, आणि उत्तरासाठी त्याचा फोन नंबर देऊ नका. चाचणी वाया जाते, आणि तुम्हाला मात्र ती झाली असं वाटत राहतं.

### ४. रजा

ज्याच्या नावावर दोन रंग आहेत, त्याला वर्षातून एकदा सलग रजा द्या आणि त्या काळात त्याचं काम दुसऱ्याने पूर्ण करावं. काम साचवून ठेवू नये. आठवडा पुरतो की दोन लागतात, हे तुमच्याकडे वसुली किती दिवसांनी येते त्यावर ठरवा. रजेच्या काळात एखादं तरी पैसे येण्याचं चक्र पूर्ण झालं पाहिजे. भोक पुढे ढकलणारा माणूस गैरहजर असला, की पैसे दिलेत तरी बाकी कशी, हा ग्राहकाचा फोन थेट तुमच्याकडे येतो.

कधीच रजा न घेणारा कर्मचारी सगळ्यांना आदर्श वाटतो. त्याच्यावर संशय घेऊ नका, पण त्याची रजा टाळूही नका. ती सगळ्यांना सारखी लागू असेल, तर कोणाचाच अपमान होत नाही.

## टप्पा ४: माणसं कमी असताना संधी कशी बंद करायची

पाठ्यपुस्तकं सांगतात की कामं विभागा. तीनच माणसं असतील तर विभागणार कशी? इथे बरेच मालक हात टेकतात आणि सगळं पूर्वीसारखं चालू ठेवतात. पूर्ण विभागणी जमली नाही तरी चालेल. घेणं आणि लपवणं यातली एक कडी तोडली, तर संधी अपुरी राहते.

पहिल्यांदा पैसे घेणारा आणि खातेवही लिहिणारा वेगळा करा. एवढं एक जमलं तर बाकीचं नंतर बघता येईल. पैसे घेणाऱ्याकडे खातेवहीचा पासवर्ड नको, आणि वही लिहिणाऱ्याच्या हातात रोख नको. दोघांना पासवर्ड एकच असेल, तर ही विभागणी कागदावरच राहते.

दुसरं, आणखी माणूस नसेल, तर चौथा रंग, म्हणजे पडताळणी, मालकाने स्वतःकडे घ्यायची. त्यासाठी हिशेबतज्ज्ञ असण्याची गरज नाही. दर आठवड्याला बँकेचा उतारा स्वतः उघडा, त्यातल्या पाच ओळी कोणत्याही निवडा आणि त्या खातेवहीत शोधा. वेगवेगळ्या दिवशी करा, कोणत्या ओळी पाहणार हे आधी सांगू नका, आणि पाहिलेल्या ओळींवर सही व तारीख घाला. मालक कधीतरी बघतो, पण कधी ते ठाऊक नाही, एवढी जाणीवसुद्धा लपवणं अवघड करते.

तिसरं, सूट, क्रेडिट नोट आणि बुडीत रक्कम तुमच्या मंजुरीशिवाय नोंदली जाऊ नये. छोट्या रकमांना सवलत द्यायची असेल तर मर्यादा ठरवा, पण महिन्याची एकूण यादी तरीही पाहा. मर्यादेच्या जरा खाली, पुन्हा पुन्हा, त्याच ग्राहकाच्या नावे आलेल्या सूटी वेगळ्या काढा.

चौथं, प्रत्येक ग्राहकाला दर महिन्याला खातेउतारा आपोआप जाईल अशी सोय करा, आणि त्यावर चौकशीसाठी तुमचा संपर्क द्या. ग्राहकाला स्वतःच्या पैशाची काळजी असते. तुमच्या बाजूने फुकट काम करणारा हा पडताळणी करणारा माणूस आहे.

सावधान: दोघे संगनमताने वागले तर विभागणी निष्प्रभ होते. पैसे घेणारा आणि लिहिणारा जवळचे नातेवाईक असतील, तर त्या जागी तरी पडताळणी स्वतःकडेच ठेवा.

तपासा: टप्पा १ चा कागद पुन्हा काढा आणि नावं नव्याने भरा. पैसा हाताळणं आणि नोंद या दोन रंगांत अजूनही एक नाव असेल, तर त्याच्यापुढे कोणती पडताळणी आणि ती कोणत्या वारी, हे लिहिलेलं हवं. नुसतं ‘लक्ष ठेवणार’ चालणार नाही.

## टप्पा ५: दबाव आणि समजूत

संधी बंद केल्यावरच इकडे या. आधी इकडे आलात, तर तुम्ही लोकांच्या खाजगी आयुष्यात डोकावत बसाल आणि वहीतलं भोक तसंच राहील.

घरातल्या अडचणी शोधणं हे मालकाचं काम नाही. व्यवसायाने स्वतः निर्माण केलेला दबाव मात्र त्याला हटवता येतो. पगार ठरल्या तारखेला होतो का? वसुलीचं लक्ष्य असं आहे का, की ते पूर्ण दाखवण्यासाठी खोटी नोंद करावी लागेल? कामातली चूक कबूल करणाऱ्याला सर्वांसमोर अपमान मिळतो का? या शेवटच्या प्रश्नाला मी बाकीच्यांपेक्षा जास्त वजन देतो. हरवलेली पावती किंवा कमी पडलेली रोकड सांगायची भीती वाटली, की माणूस ती भरून काढण्यासाठी दुसऱ्या ग्राहकाचे पैसे फिरवतो. पहिल्या दिवशी त्याने एक पैसाही खाल्लेला नसतो. पुढचा सगळा मार्ग मात्र वरच्या उदाहरणासारखाच असतो.

पगारातून उचल देण्याचा एक सरळ नियम लिहून ठेवा: किती मिळेल, किती हप्त्यांत कापली जाईल, कोणाकडे मागायची. मागताना कारण सांगायची सक्ती नसावी. सांगता न येणारी अडचण असलेला माणूस कारण विचारलं तर मागणारच नाही, आणि ज्याच्यासाठी हा नियम केला तोच बाहेर राहील.

समजूत तोडण्यासाठी भाषण कामाचं नाही. ती सवयींवर पोसली जाते, आणि त्यातल्या सगळ्यात वाईट सवयी मालकाच्या असतात. मालक गल्ल्यातून घरखर्चासाठी न लिहिता पैसे काढत असेल, तर नोंदीशिवाय पैसे काढणं हा तिथला रिवाज ठरतो. हिशेबनिसाने तेच केलं तर तो स्वतःला चोर म्हणणार नाही. म्हणून मालकाची उचल मालकाच्या नावाने, त्याच दिवशी, चिठ्ठीसह लिहा. एक साधा नियमही लेखी द्या आणि प्रत्येकाची सही घ्या: ग्राहकाचे पैसे एका रात्रीसाठीही उसने घेता येणार नाहीत. ‘उसने’ हा शब्द नियमात असलाच पाहिजे. पैशांची चोरी करू नये असं लिहिलं, तर परत ठेवणार असलेल्याला ते स्वतःला लागू वाटत नाही.

सावधान: एकदा छोट्या रकमेकडे दुर्लक्ष करायचं आणि दुसऱ्या वेळी कोणाला काढून टाकायचं, असं झालं की नियमाचा उरलेला धाकही जातो. रक्कम कितीही लहान असो, नोंद आणि चौकशी प्रत्येक वेळी झाली पाहिजे. शिक्षा प्रसंगानुसार वेगळी असू शकते.

## या मांडणीला कुठे मर्यादा आहेत

हा त्रिकोण विश्वास मोडणाऱ्या आतल्या माणसाबद्दल आहे. बाहेरून येऊन फसवणारा, किंवा लुबाडण्याच्या हेतूनेच नोकरीला लागलेला, यांना सांगता न येणारी अडचण किंवा मनाची समजूत यातलं काहीच लागत नाही. त्यांच्यापुढे फक्त संधीचं कुलूप कामाचं, आणि नोकरी देताना आधीच्या ठिकाणी केलेली चौकशी.

डेव्हिड वुल्फ आणि डेना हर्मन्सन यांनी २००४ मध्ये चौथी बाजू जोडली: क्षमता. हिशेब आणि संगणकप्रणाली इतकी जाणतो की उघडी संधी ओळखून वापरू शकेल, असा माणूस. तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की व्यवस्थेतली भोकं सगळ्यात चांगली ज्याला माहीत आहेत, त्याच्याच कामाची पडताळणी कधी चुकवू नये.

तिन्ही बाजू जमल्या म्हणजे फसवणूक होईलच, असंही नाही. कितीतरी माणसं तिन्हीमध्ये राहूनही हात लावत नाहीत. म्हणून कोणाच्याही विरुद्ध पुरावा म्हणून हा त्रिकोण वापरू नका. पुरावा पावतीत, वहीत आणि बँकेच्या ओळीत असतो.

## टप्पा ६: फरक सापडलाच, तर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण राग आलेला असतो. त्या क्षणी त्या व्यक्तीला बोलावून जाब विचारू नका. आधी फरकाचं निष्पाप कारण शक्य आहे का, ते पाहा: चुकीच्या खात्यात पडलेली नोंद, दोन बिलांपोटी एकत्र आलेले पैसे, सारख्या नावाचे दोन ग्राहक. अशी चूक एकदाच सापडते. भोक पुढे ढकलणारी नोंद साखळीने सापडते, एका ग्राहकाचा उशीर दुसऱ्याच्या जमेशी बरोबर जुळतो. म्हणून एक फरक मिळाला की त्याच्या आधीचा आणि नंतरचा शोधा. आपल्या उदाहरणात ‘क’चे २८,००० पाहून थांबलात, तर ‘अ’पर्यंत जाणार नाही, आणि सुरुवात कधी झाली ते कळणार नाही.

मूळ कागद कुलपात ठेवा आणि काम प्रतींवर करा. वहीत दुरुस्ती करू नका, चुकीच्या नोंदीही तशाच राहू द्या. संगणकातल्या माहितीची त्या दिवशीची प्रत काढून बाजूला ठेवा. तारीख, ग्राहक, पावतीची रक्कम, वहीतली रक्कम आणि बँकेतली रक्कम, असा पाच रकान्यांचा तक्ता बनवा. एवढं झाल्यावर वकील आणि बाहेरचा लेखापरीक्षक गाठा, आणि कर्मचाऱ्याशी बोलायचं कधी, कोणी आणि कोणासमोर, हे त्यांच्या सल्ल्याने ठरवा. नोकरी आणि तक्रारीचे कायदे जागेनुसार बदलतात, आणि एका घाईच्या वाक्याने तुम्हीच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊ शकता.

बोलण्याच्या दिवशी त्या व्यक्तीचे पासवर्ड, बँकेवरचे अधिकार आणि पावती पुस्तकं काढून घ्या. ज्या ग्राहकांची खाती बिघडली, त्यांना दुरुस्त उतारा तुमच्या सहीने पाठवा. ज्यांनी पैसे दिले आहेत, त्यांच्याकडून ते पुन्हा मागू नका. त्यांच्याकडे तुमची पावती आहे.